उधारीची शीट प्रत्येकाला वेगळी का करून द्यायची? तिचं टेम्प्लेट असं बनवा

दारव्हा, आर्णी, दिग्रस या पट्ट्यात मी कृषी केंद्रांना गूगल शीटवर उधारीचा हिशेब बसवून द्यायचो. जूनमध्ये बियाणं आणि खत उधारीवर जातं, कापूस विकला गेला की वसुली होते. प्रत्येक दुकानदाराचं मागणं एकच असायचं, "कोनाकडं किती रायले, थे दिसलं पायजे बस." दर वेळी सहा तास जायचे, तीन हजार मिळायचे. पाचव्या दुकानाच्या वेळी लक्षात आलं की चौथ्याचीच फाईल आपण पुन्हा बनवतोय. तुमचंही असं एखादं काम असेल, तर ते विकण्याजोगं कसं करायचं ते याच उदाहरणावरून सांगतो.

आधी जुन्या पाच फाईल शेजारी-शेजारी उघडा आणि काय सारखं, काय वेगळं ते कागदावर लिहा. माझ्याकडे नोंदींचा तक्ता आणि थकबाकीची यादी सगळीकडे सारखी निघाली. दुकानाचं नाव, मालाची यादी आणि हंगामाची सुरुवातीची तारीख तेवढी वेगळी. ही वेगळी माहिती 'सेटिंग' नावाच्या एकाच पानावर आणली. व्याज मात्र मी मुद्दाम बाहेर ठेवलं. कोणी दिवाळीनंतर लावतं, कोणी लावतच नाही, कोणी माणूस पाहून ठरवतं. ते सगळं एका शीटमध्ये कोंबलं असतं, तर ती कोणालाच समजली नसती. ज्याला व्याज हवं, त्याला ते वेगळे पैसे घेऊन करून देतो.

मग मांडणी. 'नोंदी' पानावर तारीख, खाते क्रमांक, माल, उधार आणि जमा असे पाच रकाने. नावाऐवजी खाते क्रमांक ठेवायचं कारण असं की एकच गिऱ्हाईक कधी 'रामभाऊ' म्हणून लिहिलं जातं, कधी 'रामराव', आणि बाकी दोन जागी फुटते. क्रमांकही हाताने टाइप करायला लावू नका, ड्रॉपडाऊनमधून निवडू द्या. 'बाकी' पानावर A रकान्यात क्रमांक असतील, तर सूत्र एवढंच:

```
=SUMIFS('नोंदी'!D:D,'नोंदी'!B:B,A2)-SUMIFS('नोंदी'!E:E,'नोंदी'!B:B,A2)
```

सूत्रं पुसली जाऊ नयेत म्हणून आपण ती लॉक करतो. पण विकत घेणारा स्वतःची प्रत काढतो तेव्हा तिचा मालक तोच होतो, आणि मालकाला लॉक अडवत नाही. म्हणून `Protect sheets and ranges` मध्ये `Show a warning when editing this range` निवडा. निदान हात लावण्याआधी त्याला इशारा दिसतो. बटणं आणि स्क्रिप्टचे मेनू टाळा. मोबाईलच्या शीट ॲपमध्ये ते चालत नाहीत, आणि काऊंटरवर बहुतेक वेळा मोबाईलच हातात असतो.

विक्रीची फाईल कोऱ्या शीटवर नव्याने बांधा. जुन्या ग्राहकाच्या फाईलमधली नावं पुसून ती देऊ नका, कारण लपवलेलं पान प्रतीबरोबर जातं आणि कोणा शेतकऱ्याची थकबाकी परक्याच्या हाती लागते. लिंकच्या शेवटी `/edit` आणि त्यापुढे जे काही असेल, ते काढून `/copy` लिहा. म्हणजे उघडताच प्रत काढायचा पर्याय येतो.

विकण्याआधी एका दुकानात बसा, शीट समोर ठेवा आणि तोंड बंद ठेवा. माझ्या पहिल्या चाचणीत दुकानदाराने परत आलेल्या खताच्या बॅगा 'उधार' रकान्यात उणे करून टाकल्या. बेरीज बरोबर आली, पण महिन्याची विक्री कमी दिसू लागली. मग रकान्याचं 'जमा' हे नाव बदलून 'जमा / माल परत' केलं. तो अडखळतो ती प्रत्येक जागा लिहून ठेवा. मला अशा पाच जागा सापडल्या आणि प्रत्येकीवर तीन मिनिटांचा मोबाईल-व्हिडिओ केला. टेम्प्लेटसोबत द्यायचा छोटा कोर्स म्हणजे तेच पाच व्हिडिओ, त्यासाठी वेगळा अभ्यासक्रम रचावा लागला नाही.

किंमत ठरवताना फोनवरचा वेळ धरा. मला बांधायला तीस तास लागले. तासाचे पाचशे धरले तर पंधरा हजार. टेम्प्लेट सातशेला विकलं आणि प्रत्येक ग्राहकामागे अर्धा तास फोनवर गेला, तर हाती साडेचारशे उरतात. म्हणजे चौतीस विक्रीनंतर खर्च निघतो. एका तालुक्यावर भागेल असं धरू नका. अर्धा तास मदत किमतीत आहे, त्यापुढचे पैसे लागतील, हे आधीच सांगा. एकाने घेतलेली शीट दुसऱ्याकडे जाणारच, ते थांबवता येत नाही. पण ती फुकट मिळालेला माणूस बसवून घ्यायला तुम्हालाच फोन करतो, आणि तिथे पाचशे रुपये घ्यायला हरकत नाही.

विक्री एप्रिल-मेमध्ये करा. मृग लागला की दुकानदाराला मान वर करायला वेळ नसतो, आणि अर्ध्या हंगामात कोणी जुनी वही नव्या शीटमध्ये उतरवत बसत नाही.