जुन्या फोटोतली नाकातली रिंग काढताय? या चुका टाळा

रिंग काढणं सोपं असतं, तिने आजूबाजूला केलेला पसारा काढणं अवघड. बरेच जण फोटोशॉपमध्ये स्पॉट हीलिंग ब्रश घेतात, रिंगवर फिरवतात आणि मग नाकपुडीची कड वितळल्यासारखी का दिसते म्हणून डोकं धरून बसतात. कारण साधं आहे, हीलिंग ब्रश आजूबाजूचा रंग आणि उजेड ओढून घेतो, आणि रिंग बसलेली असते नेमकी नाकपुडीच्या काळ्या भोकाला लागून, मग तो काळेपणा कातडीत पसरतो.

म्हणून कडेजवळ क्लोन स्टॅम्प आणि कडेपासून लांब, मोकळ्या कातडीवर हीलिंग ब्रश, असं वाटून घ्या. वर एक रिकामी लेयर घ्या आणि सॅम्पल `Current & Below` ठेवा, म्हणजे मूळ फोटोला धक्का लागत नाही. क्लोनचा ब्रश अगदी मऊ नको, हार्डनेस साधारण ५०-६० ठेवा, नाहीतर प्रत्येक ठिपक्याच्या कडेला जुन्या प्रिंटचे दाणे पुसले जातात आणि तेवढाच भाग प्लास्टिकसारखा गुळगुळीत दिसतो.

समजा चेहरा समोरून आहे आणि उजेड एका बाजूने येतोय. रिंगचा वरचा भाग नाकपुडीवर, खालचा भोकासमोर लोंबतोय, ओठाच्या वर तिची बारीक सावली पडलीय आणि फोटो रंगीत असेल तर शेजारच्या कातडीवर सोन्याची पिवळट झाक पण आहे. आधी ती सावली काढा, ती राहिली की रिंग नसूनही ‘इथे काहीतरी होतं’ हे लगेच कळतं. मग भोकासमोरचा भाग भोकातल्याच काळ्या रंगाने भरा, आणि कड शेवटी, तीही त्याच कडेच्या जरा वरच्या तुकड्यावरून सॅम्पल घेऊन. पिवळट झाकेसाठी क्लोन नकोच, नवीन लेयर कलर मोडवर टाका आणि शेजारच्या कातडीचा रंग १०-१५ टक्के ओपॅसिटीने हळूहळू मारा.

दुसरी नाकपुडी कॉपी करून उलटी चिकटवायची आयडिया सगळ्यांनाच सुचते (मोह होतोच!), पण उजेड तिरका असेल तर हायलाइट चुकीच्या बाजूला जातो आणि नाक विचित्र दिसतं. आकार कळायला ती कॉपी फिकी करून वर ठेवा, रंग मात्र त्याच बाजूचा घ्या.

झालं असं वाटलं की सगळ्यात वर कर्व्हजची लेयर टाकून कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवा, डाग आणि रिपीट झालेले ठिपके लगेच उघडे पडतात, ते नीट करा आणि कर्व्हज उडवा. दाणे तरीही कमी वाटले तर त्या भागापुरता अॅड नॉइज, ब्लॅक अँड व्हाइट फोटोत `Monochromatic` टिक करून.

कानातल्याचंही असंच, फक्त वजनाने पाळी खाली ओढली गेली असेल तर दागिना गेल्यावर ती लांबट दिसते, ती लिक्विफायने किंचित वर घ्या. गळ्यातल्या चेनमध्ये मात्र खालची सावली आणि गळ्याची खरी वळी यात गल्लत होते, वळी चेनच्या पलीकडेही पुढे जाते, ती ठेवा.