पतधोरणाचं निवेदन ठेवीदारासाठी लिहिताना: जून २०२५ चा धडा

पतधोरणाच्या निवेदनाचा सारांश मी सुरुवातीला वरून खाली वाचत लिहायचे. ६ जून २०२५ च्या रिझर्व्ह बँकेच्या निवेदनानंतर ती पद्धत सोडली. रेपो दर ६ वरून ५.५ टक्क्यांवर आला होता. मी लिहिलं, "अर्धा टक्का कपात, दर आणखी उतरणार." संपादकांनी मसुदा परत पाठवला आणि एकच विचारलं, "भूमिका वाचलीस का?"

वाचली होती, पण तिचा अर्थ लावला नव्हता. एप्रिलमध्ये पतधोरण समितीने भूमिका, म्हणजे पुढच्या दरांबाबतचा आपला कल, 'उदार' केली होती, जूनमध्ये ती पुन्हा 'तटस्थ' झाली. म्हणजे कपात अपेक्षेपेक्षा मोठी, पण पुढचा रस्ता मोकळा नाही. फेब्रुवारीपासून एकूण एक टक्का कपात झाल्यामुळे वाढीला आधार द्यायला आता फार वाव उरलेला नाही, असंही निवेदनात होतं. माझं वाक्य नेमकं याच्या उलट होतं.

तेव्हापासून मी आधीचं निवेदन शेजारी उघडून ठेवते आणि बदललेले शब्द तेवढे अधोरेखित करते. निर्णय एका ओळीत येतो: जुना दर, नवा दर, भूमिका, मतविभागणी. जूनमध्ये सहापैकी पाच जण अर्ध्या टक्क्याच्या बाजूने होते, एका सदस्याला पाव टक्काच हवा होता.

कारणं समितीच्याच तोंडची द्यायची. इथे ती दोन होती. महागाईचा वर्षाचा अंदाज ४ वरून ३.७ टक्क्यांवर आला होता, आणि वाढीचा अंदाज ६.५ टक्क्यांवर कायम असला तरी समितीला वाढ हवी त्यापेक्षा कमी वाटत होती.

खरी कसोटी ठेवीदाराच्या परिच्छेदात लागते, कारण निवेदनात मुदत ठेवीच्या दराबद्दल थेट काही नसतं. तिथून पुढे लिहिलेलं आपलं अनुमान असतं आणि वाचकाला ते तसंच सांगावं लागतं. मी आता असं लिहिते: "चालू मुदत ठेवीचा ठरलेला दर मुदतीपर्यंत बदलत नाही. नव्या आणि नूतनीकरणाच्या ठेवींवर बँका दर कमी करण्याची शक्यता आहे. किती आणि कधी, हे प्रत्येक बँक ठरवते." ज्याची ठेव दोन महिन्यांनी पिकणार आहे, त्याला यातलं दुसरं वाक्य हवं असतं. जमल्यास महागाईचा अंदाजही जोडते: ठेवीवर साडेसहा टक्के मिळत असतील आणि महागाई ३.७ टक्के राहिली, तर कराआधी हाती सुमारे २.८ टक्के उरतात.

भूमिकेलाही वचन समजू नये. ऑगस्टमध्ये दर ५.५ वरच राहिला, पण डिसेंबर २०२५ मध्ये, भूमिका तटस्थच असताना, तो ५.२५ झाला. म्हणून 'कपात संपली' असंही मी लिहीत नाही. 'पुढची कपात आकडेवारीवर अवलंबून' एवढंच लिहिते, आणि कोणती आकडेवारी, तेही त्याच वाक्यात सांगते.