गाडीची बॅटरी काढून सुपरकॅपॅसिटर लावताय? या चुका टाळा

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास गेला की गाड्यांच्या बॅटऱ्या मान टाकू लागतात. मग कुणीतरी सुचवतं, "भाऊ, बॅटरीच काढा, सुपरकॅपॅसिटरची बँक लावा." बँक बसते, गाडी एका झटक्यात चालू होते. पण सकाळी सीताबर्डीत लावलेली गाडी दुपारी चालूच होत नाही, आणि दोष बँकेवर येतो. खरं तर बँक बहुतेक वेळा ठणठणीत असते. चूक निवडीची असते.

५०० फॅरडचे ६ सेल सीरिजमध्ये जोडले की बँक होते साधारण ८३ फॅरडची. स्टार्टरने सेकंदभर १५० अँपिअर ओढले तर व्होल्टेज १.८ ने उतरतं, म्हणजे १३.८ वरून १२ वर. इंजिन आरामात फिरतं. आता बंद गाडीचा विचार करा. अलार्म, घड्याळ, ईसीयू मिळून ३० मिलिअँपिअर घेतात असं धरलं, तर १३.८ वरून १० व्होल्टवर यायला जेमतेम ३ तास लागतात. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तेवढ्याच भारावर महिनाभर तग धरते.

कारण रचनेत आहे. सुपरकॅपॅसिटरमध्ये आयन कार्बनच्या पृष्ठभागाला फक्त चिकटतात, रासायनिक क्रिया जवळपास नसते. म्हणून शक्तिघनता, म्हणजे किलोमागे किती झपाट्याने ऊर्जा काढता येते, ती प्रचंड. पण ऊर्जाघनता किलोमागे ५ वॅट-अवरच्या आसपास. लेड-अ‍ॅसिडमध्ये ती ३० ते ४०, कारण तिथे प्लेटच्या आतला मालही कामाला येतो. तो माल बाहेर यायला मात्र वेळ लागतो.

हीच देवाणघेवाण बॅटऱ्या-बॅटऱ्यांमध्येही असते. इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीत जाड प्लेटा असतात. ती तासन्‌तास पंखे चालवते, पण स्टार्टर लावला की तिचं व्होल्टेज बसतं. स्टार्टर बॅटरीत पातळ प्लेटा जास्त संख्येने असतात. ती झटका देते, पण इन्व्हर्टरवर रोज रिकामी केली तर काही महिन्यांत जाते. लिथियममध्येही जाड लेप ऊर्जेसाठी, पातळ लेप झटक्यासाठी.

म्हणून बॅटरी ठेवा आणि बँक तिला समांतर जोडा. झटका बँक देईल, साठा बॅटरी सांभाळेल. सगळ्या सेलवर व्होल्टेज सारखं ठेवणारा बॅलन्सिंग बोर्ड मात्र वगळू नका. १४.४ व्होल्टवर प्रत्येक सेलला २.४ यायला हवेत. मल्टीमीटरवर एखादा २.७ च्या वर दिसला, तर बॉनेटखालच्या उष्णतेत तोच आधी फुगणार. सेलची कमाल मर्यादा बहुधा ६५ अंशांची असते, त्यामुळे बँक इंजिनपासून जितकी लांब तितकी बरी.

रिकामी बँक बॅटरीला थेट जोडू नका, मोठी ठिणगी उडते. मध्ये हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब सीरिजमध्ये लावा. आधी तो लख्ख पेटेल, मग काही मिनिटांत मंदावत विझेल. विझला की बल्ब काढून थेट जोडा.