आल्याची वही: पिवळ्या पानाचं कारण दहा दिवस मागे शोधा

अक्षय तृतीयेच्या आसपास लावलेलं आलं आता अडीच महिन्यांच्या घरात आलंय. कोरेगाव, सातारा, कराड भागात जुलैची झड सुरू आहे आणि पुढचे दोन महिने कंदकुजीचे आहेत. या दिवसांत रोज सकाळी एकच प्रश्न पडतो: हे पान पिवळं का पडलं? कालचा पाऊस, परवाची खताची मात्रा, नाहीतर शेजाऱ्याने सांगितलेला रोग, असं काहीतरी उत्तर आपण लगेच धरतो आणि दुकानातून औषध आणतो. आल्यात मात्र कारण आणि लक्षण यांच्यात साधारण एक ते दोन आठवड्यांचं अंतर असतं. सरीत पाणी साचलं की बुरशी आधी मुळात आणि कंदात शिरते, आणि वर पान पिवळं दिसेपर्यंत आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. त्यामुळे आजच्या पिवळ्या पानासाठी कालचा दिवस तपासून हाती काही लागत नाही, मागचे दहा-पंधरा दिवस बघावे लागतात. ते डोक्यात राहत नाहीत, म्हणून वही लागते.

वही शंभर पानी, साधी चालेल. पहिल्या पानावर प्लॉटचा कच्चा नकाशा काढा. बेडना क्रमांक द्या, उतार कुठल्या बाजूला आहे ते बाणाने दाखवा, पाणी बाहेर कुठून जातं, विहिरीची किंवा बोअरची मुख्य पाइप कुठून येते तेही दाखवा. प्रत्येक पाचव्या बेडच्या तोंडाशी खुंटी ठोकून तिच्यावर रंगाने क्रमांक लिहा. क्रमांक नसतील तर वहीत फक्त ‘खालच्या बाजूला पिवळेपणा’ एवढंच लिहिलं जातं आणि महिन्यानंतर त्यातून काहीच कळत नाही.

पुढच्या पानांवर पाच रकाने पुरतात: तारीख, पाऊस, ठिबक, खत-औषध, आणि काय दिसलं. दहा रकाने आखलेली वही आठव्या दिवशी बंद पडते.

पावसासाठी सरळ कडांचा, वरखाली सारख्याच रुंदीचा डबा उघड्यावर ठेवा. झाडाखाली किंवा छपराच्या वळचणीला नको. सकाळी पट्टीने पाण्याची खोली मोजा, ती मिलिमीटरमध्ये लिहा आणि डबा रिकामा करा. ठिबकचे तास लिहिताना त्यांचाही पावसात हिशेब करा, म्हणजे दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघता येतात. साडेचार फुटी बेडवर एक नळी असेल आणि ४० सेंटीमीटरवर ताशी ४ लिटरचे ड्रिपर असतील, तर एक तास ठिबक म्हणजे जवळजवळ ७ मिलिमीटर पाऊस. हा आकडा कळला की हात आखडतो. आभाळ भरलेलं असताना ‘खत सोडायचंय म्हणून’ दोन तास चालवलेलं ठिबक म्हणजे चांगला १४ मिलिमीटरचा पाऊसच. तुमचं अंतर वेगळं असेल तर एका ड्रिपरच्या वाट्याला येणारी जागा चौरस मीटरमध्ये काढा आणि ताशी लिटरला तिने भागा. एक चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर.

खताच्या रकान्यात नाव आणि किलो दोन्ही हवेत. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ७५ किलो स्फुरद आणि ७५ किलो पालाश अशी आहे. त्यातलं अर्धं नत्र उगवण पूर्ण झाल्यावर आणि उरलेलं उटाळणीच्या वेळी द्यायचं असतं. तुम्ही ठिबकमधून थोडं थोडं सोडत असाल, तर आजवर किती गेलं याची बेरीज वहीशिवाय जमत नाही. मग पान जरा फिकट दिसलं की युरियाची आणखी एक बादली जाते आणि रोप कोवळं होत जातं. उटाळणीची तारीखही इथेच लिहा आणि तिच्याखाली रेघ ओढा. उटाळणीत मुळं मुद्दाम तोडली जातात, म्हणजे नव्या तंतुमुळ्या फुटतात. पण ती तुटलेली मुळं काही दिवस उघडीच असतात. उटाळणीनंतर लगेच झड लागली, तर पुढच्या पंधरवड्यात त्या प्लॉटवर जास्त नजर ठेवायची, हे त्या रेघेमुळे ध्यानात राहतं. वाफसा नसताना उटाळणी करूच नका.

शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि बहुतेक वह्या इथेच कच्च्या राहतात. ‘रोप पिवळं’ असं लिहिलं तर नंतर काही उपयोग होत नाही. चार गोष्टी लिहा: कुठला बेड, किती रोपं, खालचं जुनं पान की वरचं नवं, आणि पिवळेपणा पानावर नेमका कुठून सुरू झालाय. कंदकुजीत खालची पानं आधी धरतात. शेंड्याकडून पिवळेपणा सुरू होतो आणि कडांनी खाली उतरतो. रोप जमिनीलगत मऊ, पाणीदार होतं, हलक्या हाताने ओढलं तरी निघून येतं आणि कंदाला घाण वास येतो. नत्र कमी पडलं तर जुनी पानं सगळीकडून सारखी फिकट होतात, आणि एकदोन बेडमध्ये नाही, बहुतेक प्लॉटभर. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळालं नाही तर नवं पान पिवळं पडतं, पण शिरा हिरव्या राहतात. जिवाणूजन्य मर असेल तर पानं आत वळतात आणि रोप झपाट्याने मान टाकतं. अशा रोपाच्या खोडाचा ताजा काप स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरला, तर दुधाळ धागा खाली उतरताना दिसतो. यावर बुरशीनाशक चालत नाही, हे आधी कळलं तर आळवणीचे पैसे वाचतात.

फेरी आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वाटेने करा. काही दिसलं नाही तर ‘काही नाही’ असं लिहा. ती नोंदही लागते, कारण लक्षण नेमकं कधी सुरू झालं ते तिच्यावरूनच ठरतं. मोबाइलने फोटो काढताना खुंटीवरचा क्रमांक चौकटीत येऊ द्या.

आता २० गुंठ्यांचा, ३६ बेडचा एक प्लॉट समजा. खाली ओढ्याकडे उतार, ३० ते ३६ हे सगळ्यात खालचे बेड. वही अशी दिसेल. १४ जुलै, पाऊस २२. १५ जुलै, पाऊस ३१. १६ जुलै, पाऊस १८, बेड ३१ ते ३५ च्या सरीत पाणी, १७ तारखेच्या सकाळपर्यंत उभं. १८ जुलै, उघडीप, ठिबक ४० मिनिटं, युरिया ३ किलो. २१ जुलै, काही नाही. २४ जुलै, बेड ३३ आणि ३४, चार रोपं, खालचं पान शेंड्याकडून पिवळं. २७ जुलै, त्याच दोन बेडमध्ये अकरा रोपं, दोन ओढल्यावर निघाली, वास आहे.

वही नसती तर बोट १८ तारखेच्या युरियाकडे गेलं असतं, कारण तेवढंच आठवतं. पण युरिया छत्तीसही बेडना गेला आणि पिवळेपणा दोनच बेडमध्ये आहे, तेही जिथे रात्रभर पाणी उभं होतं तिथे. आठ दिवसांचं अंतरही कंदकुजीला जुळतं. म्हणजे पहिलं काम फावड्याचं: सरीचं तोंड उघडायचं आणि ओढ्याकडे चर काढायचा. कुजलेली रोपं कंदासकट, भोवतालच्या मातीसह पोत्यात भरून बाहेर न्यायची, ओढ्यात किंवा बांधावर टाकायची नाहीत. त्या दोन बेडना आणि दोन्ही बाजूंच्या दोन-दोन बेडना, म्हणजे ३१ ते ३६ ला, आळवणी करायची. औषध लेबलवर आल्यासाठी असलेलंच घ्या आणि प्रमाणही लेबलचंच ठेवा. ट्रायकोडर्मा सोडला असेल तर रासायनिक बुरशीनाशक त्याच आठवड्यात नको, नाहीतर तोही मरतो. वरच्या तीस बेडना त्या दिवशी काहीच करायची गरज नसते, आणि वहीचा खरा फायदा खर्चात इथेच दिसतो.

पुढे ६ ते ८ ऑगस्टला पुन्हा ६४ मिलिमीटर पाऊस झाला. चर झाल्यामुळे पाणी त्याच संध्याकाळी उतरलं. वही बघून १४ ते १८ ऑगस्ट दरम्यान खालच्या बेडची फेरी रोज ठेवली, तिथे नवीन काही दिसलं नाही. पण बेड १९ मध्ये तीन रोपं पिवळी निघाली. हा बेड तर उंचावर आहे. मागची पानं चाळली तर ‘१९ च्या तोंडाला नळीचा जोड गळतोय’ ही नोंद जुलैपासून दोनदा आलेली. प्रत्येक वेळी ठिबक चालू झालं की तिथे दलदल होत होती. हे पावसाच्या रकान्यात कधीच सापडलं नसतं.

एक मर्यादा लक्षात ठेवा. पाणी आणि खत एकाच दिवशी, सगळ्याच बेडना गेलं असेल, तर वही त्या दोघांना वेगळं करू शकत नाही. म्हणून नवीन खत किंवा टॉनिक आणलं की मधला एखादा बेड कोरा ठेवा आणि तसं लिहा. आणि एकदाच जुळलं म्हणून नियम बांधू नका. पाणी उभं राहिल्यावर त्याच बेडमध्ये आठ-दहा दिवसांनी दुसऱ्यांदाही तेच दिसलं, तर मात्र विश्वास ठेवा. काही कळेनासं झालं तर बोरगाव किंवा कालवडे कृषी विज्ञान केंद्रात आजारी रोप कंदासकट न्या, आणि सोबत वहीही न्या. कधी, कुठे आणि कशानंतर, हे तिथे विचारतातच.

नोव्हेंबर-डिसेंबरनंतर सगळ्या प्लॉटभर पानं पिवळी होऊन वाळू लागतात, ते पक्वतेचं आहे. तेव्हा शेवटच्या रकान्यात तसं लिहून फेऱ्या थांबवा. काढणीच्या वेळी वही पुन्हा उघडा. ज्या बेडवर हंगामभर कंदकुजीची नोंद नाही, त्यातलंच बेणं पुढच्या वर्षासाठी ठेवा. ३१ ते ३६ आणि १९ मधला माल वरून कितीही चांगला दिसला तरी तो बाजारात जाऊ द्या, बेण्यात नको.