मांजराचं खाणं पावसाळ्यात टिकवायचंय? साठवणीतल्या या चुका टाळा

जुलैमध्ये मुंबईत किंवा कोकणात मांजराच्या ड्राय फूडची पिशवी उघडली की दोन-तीन आठवड्यांत तक्रार सुरू होते: मांजर वाडग्याजवळ येतं, वास घेतं आणि निघून जातं. आपण म्हणतो, नखरे करतंय. बहुतेक वेळा ते नखरे नसतात. खाणं खवट झालेलं असतं आणि ते त्याला आपल्याआधी कळलेलं असतं.

आपण हे दाणे धान्यासारखे साठवतो, चुकीचं मूळ तिथेच आहे. तांदूळ-गव्हात चरबी कमी असते आणि जी असते ती दाण्याच्या आत बंद असते. ड्राय फूडचे दाणे भाजून निघाल्यावर त्यांच्यावर चरबी आणि चवीचा लेप फवारतात, म्हणजे चरबी बाहेरच्या बाजूला, थेट हवेत. त्यामुळे हे दाणे तांदळाच्या नाही, चिवड्याच्या जातीचे आहेत. हवा, उष्णता आणि उजेड यांनी ते खवट होतात, तर दमटपणाने सादळतात आणि पुढे त्यांना बुरशी धरते.

पिशवी फेकून दाणे डब्यात ओतणं

कंपनीची पिशवी हवा आणि ओल अडवण्यासाठीच आतून थर देऊन बनवलेली असते. साधा प्लास्टिकचा डबा ते काम तितकं चांगलं करत नाही. शिवाय डब्याच्या आतल्या बाजूला जुन्या दाण्यांच्या तेलाचा पातळ थर राहतो, तो खवट होतो आणि नव्या मालालाही खराब करतो. म्हणून दाणे पिशवीतच ठेवा. आतली हवा दाबून काढा, तोंड गुंडाळून चिमटा लावा आणि ती अख्खी पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. झिप असेल तर तिच्या खाचेतला चुरा पुसून घ्या, नाहीतर बंद केली असं वाटतं पण ती बंद होत नाही. मुदत आणि बॅच नंबर पिशवीवरच असतात, हाही पिशवी न फेकण्याचा फायदा.

डबा ओट्याजवळ, फ्रिजवर, सिंकखाली किंवा बाल्कनीत नको. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवूनही नको. घरातली सगळ्यात थंड, कोरडी, अंधारी जागा शोधा. तापमान २७ अंशांच्या खाली राहिलं तर उत्तम. आपल्याकडे ते वर्षभर जमत नाही, म्हणूनच पिशवी लहान घ्यायची.

स्वस्त पडते म्हणून मोठी गोणी

हिशोब करून बघा. घरातलं ४ किलोचं मांजर दिवसाला ८५ ग्रॅमचा एक पाऊच आणि साधारण ३० ग्रॅम दाणे खातं असं धरू. ३ किलोची पिशवी त्याला १०० दिवस पुरेल. जूनमध्ये उघडली तर सप्टेंबरपर्यंत, म्हणजे अख्खा पावसाळा ती उघड-बंद होत राहणार. १.२ किलोची पिशवी ४० दिवसांत संपते. उघडल्यापासून सहा आठवडे ही मर्यादा मी कोरड्या हवेसाठी धरते. पावसाळ्यात महिन्याभरात संपेल एवढीच पिशवी आणावी असं माझं ठाम मत आहे.

मोठी पिशवी घरात आधीच असेल तर आठवड्याचे दाणे लहान डब्यात काढा. मोठी पिशवी मग आठवड्यातून एकदाच उघडते. घ्यायचा चमचा किंवा वाटी पूर्ण कोरडी हवी.

दुकानात मोठ्या गोणीतून पारदर्शक पिशवीत भरून विकतात ते सुटं खाणं पावसाळ्यात घेऊच नका. गोणी कधी उघडली, मुदत काय, बॅच कोणता, काहीच कळत नाही.

फ्रिजमध्ये दाणे, आणि सादळलेल्यांना ऊन

फ्रिज थंड आहे, मग दाणे तिथेच ठेवावेत असं वाटतं. पण पिशवी रोज बाहेर काढून उघडली की दमट हवा थंड दाण्यांवर जमते, जसं फ्रिजमधल्या बाटलीला बाहेर घाम येतो. पिशवी परत आत जाते ती हे पाणी घेऊनच. असे दाणे बाहेरच्या दाण्यांपेक्षा लवकर बिघडतात.

सादळलेल्या दाण्यांना ऊन दाखवणं किंवा कढईत परतणं हे धान्याच्या सवयीतून येतं. उन्हाने चरबी आणखी खवट होते. बुरशी धरली असेल तर कढईच्या उष्णतेने ती मरेल, पण काही बुरशींनी तयार केलेलं अफ्लाटॉक्सिनसारखं विष घरच्या उष्णतेने जात नाही आणि ते यकृतावर आघात करतं. वरचे बुरशीचे दाणे निवडून खालचे वापरू नका, पिशवीच टाका.

ओळखायचं कसं? दाणा मोडून बघा: ताजा कट्कन तुटतो, सादळलेला दबतो. वास जुन्या तळणीच्या तेलासारखा आला की खवट. तळाशी पिठासारखी धूळ दिसली तर ती काळ्या कागदावर पसरा आणि दहा मिनिटं नीट बघा. धूळ हलली तर ते कोळीवर्गातले बारीक किडे आहेत.

किडे-मुंग्यांसाठी डब्यात कापूर किंवा डांबरगोळ्या टाकू नका, दोन्ही मांजराला विषारी आहेत. मुंग्यांच्या खडूतली कीटकनाशकंही मांजराच्या शरीराला नीट पचवता येत नाहीत. वाडगं पाण्याच्या पसरट ताटलीत ठेवलं की मुंग्यांचं काम भागतं.

पाऊच उघडून वाडग्यात दिवसभर

ओल्या खाण्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. पाऊच बंद असेपर्यंत निर्जंतुक असतो. उघडला की घड्याळ सुरू. खोलीत ३२ अंशांच्या वर गरम असेल तर वाडग्यातलं एका तासात उचला, त्यापेक्षा थंड असेल तर दोन तासांत. उचललेलं टाकायचं, फ्रिजमध्ये नाही: त्यात लाळ मिसळलेली असते.

म्हणून वाढण्याआधीच अर्धं बाजूला काढा. सकाळी ८ वाजता पाऊच उघडला की अर्धा वाडग्यात, अर्धा काचेच्या किंवा स्टीलच्या झाकणाच्या डबीत आणि लगेच फ्रिजच्या आतल्या कप्प्यात. दारातला कप्पा सतत तापतो, तिथे नको. डबीवर वेळ लिहा. पाऊचवर मुदत दिली असेल ती पाळा, नसेल तर दोन दिवसांत संपवा.

फ्रिजमधलं थंडगार खाणं बरीच मांजरं नाकारतात. ते बाहेर ठेवून कोमट होण्याची वाट बघू नका. डबी गरम पाण्यात पाच मिनिटं धरा आणि ढवळून द्या. वीज गेली तर न उघडलेला फ्रिज साधारण चार तास थंडी धरतो. त्याहून जास्त वेळ गेली तर उघडलेलं ओलं खाणं टाका, वास चांगला येत असला तरी.

दाण्यांचं वाडगंही पावसाळ्यात दिवसभर भरून ठेवू नका. सकाळ-संध्याकाळ मोजून द्या, उरलेले पिशवीत परत टाकू नका, आणि वाडगं धुऊन पूर्ण कोरडं झाल्यावरच पुन्हा भरा.

खराब खाणं पोटात गेलंच तर

ते खाणं लगेच बंद करा, पण मांजराला उपाशी ठेवू नका. नवी पिशवी किंवा पाऊच द्या. एक दिवसभर काहीच खाल्लं नाही, उलट्या थांबत नाहीत, किंवा हिरड्या नि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसला तर त्याच दिवशी व्हेटकडे न्या. न खाणाऱ्या मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते, जाड मांजरात तर लवकर. जाताना पिशवीच्या बॅच नंबरचा फोटो काढा आणि मूठभर दाणे वेगळ्या पिशवीत बांधून सोबत घ्या.