पोत एका फोटोतला, रंग दुसऱ्या फोटोतला: चेहरा बसवताना फ्रिक्वेन्सी सेपरेशन

रीटचिंगच्या कामाला लागल्यानंतर पहिल्याच काही महिन्यांत माझ्याकडे एक समूहछायाचित्र आले. त्यात सगळे नीट उभे होते, पण मधल्या एका व्यक्तीचे डोळे मिटलेले होते. त्याच व्यक्तीचा डोळे उघडे असलेला एक फोटो हाताशी होता, मात्र तो खिडकीजवळच्या उबदार उजेडात काढलेला होता आणि समूहछायाचित्र सावलीतले होते. ज्या फोटोतून चेहरा उचलायचा त्याला आम्ही सोर्स म्हणतो आणि ज्यात तो बसवायचा त्याला टार्गेट. सोर्समधली त्वचेची छिद्रे, बारीक सुरकुत्या आणि लव जशीच्या तशी राहावी आणि रंग व उजेड मात्र टार्गेटचा यावा, एवढीच मागणी होती.

मी आधी सरळ मार्गाने गेलो. चेहरा कापून आणला आणि त्यावर Curves लावून रंग मानेशी जुळेपर्यंत ओढत राहिलो. रंग जुळला, पण त्वचा वाळलेल्या चामड्यासारखी दिसू लागली. उजळ फोटो गडद करताना वक्र जिथे जास्त तीव्र झाला, तिथे छिद्रांमधला फरकही ताणला गेला होता. रंगाला हात लावला की पोतही हलणार, ही या मार्गाची अडचण आहे, आणि म्हणूनच दोन्ही वेगळे करण्याची ही पद्धत शिकावी लागते.

कल्पना साध्या वजाबाकीची आहे. फोटोची एक प्रत धूसर केली की तिच्यात मोठे रंग आणि छटा उरतात, आणि मूळ फोटोतून ही धूसर प्रत वजा केली की बारीक तपशील उरतो. दोन्ही पुन्हा बेरीज करून एकावर एक ठेवले की मूळ फोटो परत मिळतो. फोटोशॉपमध्ये धूसर प्रत खाली आणि मूळ फोटोची प्रत वर ठेवायची, वरच्या लेअरवर Image मेनूतले Apply Image उघडायचे आणि Layer या जागी धूसर लेअर निवडायचा. फाइल १६ बिटची असेल तर Blending ला Add, Invert वर खूण, Scale 2 आणि Offset 0 ठेवायचे. ८ बिटची असेल तर Subtract, Scale 2 आणि Offset 128. मग त्या करड्या दिसणाऱ्या लेअरचा ब्लेंड मोड Linear Light करायचा. या टप्प्यावर चित्र मूळ फोटोपेक्षा डोळ्यांना वेगळे दिसले, तर कुठेतरी आकडा चुकला आहे असे समजून पुढे न जाता तिथेच थांबावे. काम १६ बिटमध्येच करावे, कारण निम्म्यावर आणलेला फरक ८ बिटमध्ये साठवताना बारीक पायऱ्या हरवतात आणि पुढे जो फार धूसर थर लागणार आहे त्यात पट्टे दिसू लागतात.

वेगळे करण्याआधीचा क्रम मात्र चुकवू नये. दोन्ही फाइलींचा कलर प्रोफाइल एक करायचा, सोर्सचा चेहरा टार्गेटच्या मापाला आणायचा, डोळ्यांच्या आणि ओठांच्या रेषा जुळवून तो फिरवायचा, आणि मगच थर पाडायचे. ब्लरची त्रिज्या पिक्सेलमध्ये असते. थर पाडून मग चेहरा लहान केला, तर निवडलेल्या त्रिज्येला अर्थ राहत नाही. शिवाय चेहरा कापण्याआधी ब्लर द्यावा. कापलेल्या तुकड्याला ब्लर दिला तर कडेचा रिकामेपणा आत झिरपतो आणि गालाच्या कडेला एक फिकी रेघ येते, जी नंतर कशानेही नीट जात नाही.

त्रिज्या किती, हा प्रश्न प्रत्येक नवशिका विचारतो. माझ्या फाइलीत चेहरा कानापासून कानापर्यंत सुमारे ११०० पिक्सेल रुंद होता आणि तिथे ७ पिक्सेलला छिद्रे नेमकी नाहीशी झाली. आकडा पाठ करण्यात काही हशील नाही. गाल १०० टक्क्यांवर ठेवून Gaussian Blur ची त्रिज्या हळूहळू वाढवायची आणि छिद्रे दिसेनाशी झाली की थांबायचे. कमी पडली तर पोताचे धूसर डाग खालच्या थरात राहून जातात. जास्त झाली तर नाकाची सावली आणि गालाची गोलाई वरच्या थरात शिरते आणि करड्या लेअरवर ढगांसारखे पांढरे-काळे पट्टे दिसतात.

इथपर्यंत आल्यावर मी जी चूक केली ती बहुतेक सगळे करतात. सोर्सचा पोत टार्गेटच्या धूसर थरावर ठेवला की झाले, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात उघड्या डोळ्यांच्या पापण्यांमागे मिटलेल्या डोळ्यांची सावली दिसू लागली आणि चेहरा मुखवट्यासारखा वाटू लागला. कारण ७ पिक्सेलच्या धूसर थरातही नाकाचा उंचवटा, ओठांचा आकार, डोळ्यांच्या खोबणी हे सगळे शिल्लक असते. माणूस ओळखू येतो तो मुख्यतः त्या थरामुळे, छिद्रांमुळे नव्हे. माझ्या वरिष्ठांनी ते पाहून एवढेच विचारले, “तुला रंग हवा आहे की चेहरा?”

उत्तर म्हणजे तीन थर. सोर्सची एक प्रत ७ पिक्सेलने आणि दुसरी ६० पिक्सेलने धूसर करायची. मूळ फोटो वजा ७ ची प्रत हा झाला पोत. ७ ची प्रत वजा ६० ची प्रत हा झाला घडणीचा थर, ज्यात नाक-डोळ्यांचे चढउतार आहेत. आणि ६० ची प्रत म्हणजे केवळ रंगाचा आणि उजेडाचा पसारा. यातली शेवटची प्रत काढून तिच्या जागी टार्गेटचा चेहरा ६० पिक्सेलने धूसर करून ठेवायचा. एवढ्या धूसरपणात मिटलेल्या पापण्या ओळखू येत नाहीत, पण एका गालावर उजेड आणि दुसऱ्यावर सावली हे टार्गेटचेच राहते. वरचे दोन्ही थर Linear Light मध्ये, तिन्ही एका ग्रुपमध्ये आणि चेहऱ्याच्या आकाराचा मास्क ग्रुपला.

केसांची कड इथे त्रास देते. ६० पिक्सेलच्या ब्लरमध्ये काळे केस कपाळावर पसरतात आणि कपाळ राखाडी दिसू लागते. म्हणून ब्लर देण्याआधी त्या प्रतीवर केस आणि पार्श्वभूमी यांच्या जागी शेजारच्या त्वचेचा रंग ब्रशने भरून घ्यावा. सोर्स आणि टार्गेट दोन्हींच्या प्रतींवर हे करावे लागते. भरणे ओबडधोबड असले तरी चालते, कारण ते शेवटी धूसरच होणार असते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी मला बऱ्याच उशिरा उमगली. वजाबाकीने मिळालेला पोत हा निव्वळ फरक असतो आणि तो ज्या उजेडात मोजला गेला त्याच्या प्रमाणात असतो. उजळ गालावर एक छिद्र भोवतालपेक्षा १२ अंकांनी गडद असेल, तर तोच गाल सावलीत गेल्यावर ते छिद्र ८ अंकांनीच गडद असायला हवे. आपण मात्र खालचा रंग गडद करतो आणि वर १२ चाच फरक ठेवतो, त्यामुळे त्वचा खरखरीत दिसते. थर पाडल्यावरही माझा गाल चामड्यासारखा दिसत होता, तो याच कारणाने.

हे मोजून सुधारता येते. आयड्रॉपरचा Sample Size 31 by 31 Average ठेवून मी सोर्सच्या उजेडातल्या गालाचे आकडे घेतले: लाल २०५, हिरवा १६५, निळा १४५. टार्गेटमध्ये त्याच जागी १४८, १०८ आणि ९२ मिळाले. भागाकार अनुक्रमे ०.७२, ०.६५ आणि ०.६३, सरासरी सुमारे ०.६७. पोताच्या लेअरची ओपॅसिटी ६७ टक्के केली आणि गाल क्षणात शांत झाला. Linear Light मध्ये करडा रंग म्हणजे शून्य फरक, त्यामुळे ओपॅसिटी कमी करणे म्हणजे फरकाला तेवढ्याने गुणणे. यात अंदाजपंचे काही नाही. सावलीच्या बाजूला तोच भागाकार ०.५४ आला. ०.५४ ला ०.६७ ने भागले की ०.८ येतात, म्हणून पोताच्या लेअरवर मास्क घालून त्या बाजूला ८० टक्के उजळ करडा रंग मऊ ब्रशने भरला.

घडणीचा थरही याच प्रमाणात ६७ टक्क्यांवर आणून सुरुवात केली. दोन्ही थरांची ओपॅसिटी सारखीच राहणार असेल तर खरे म्हणजे तीन थरांची गरजच नाही, ६० पिक्सेलचा एकच छेद पुरतो. पण सावलीतला उजेड खिडकीच्या उजेडापेक्षा मऊ होता आणि नाकाच्या बाजूची सावली खोल वाटत होती, म्हणून घडण ५५ टक्क्यांवर उतरवली आणि पोत तिथेच ठेवला. हे दोन निर्णय स्वतंत्रपणे घेता यावेत यासाठीच तिसरा थर.

पोताच्या थरात थोडा रंगही असतो. तीन चॅनलचे भागाकार एकमेकांच्या जवळ असतील तर त्याकडे दुर्लक्ष केले तरी चालते. सोर्सवर रंगीत दिव्याचा उजेड असेल तर मात्र छिद्रांच्या कडा त्या रंगाच्या दिसतात; अशा वेळी फक्त त्या थराला Hue/Saturation जोडून संपृक्तता कमी करावी आणि ओठ व बुबुळे त्यातून वगळावीत.

काही गोष्टी या पद्धतीच्या आवाक्याबाहेर आहेत. सोर्समध्ये उजेड डावीकडून आणि टार्गेटमध्ये उजवीकडून असेल तर नाकाची सावली घडणीच्या थरात चुकीच्या बाजूला राहते, आणि बारकाईने पाहिले तर प्रत्येक सुरकुतीचीही उजळ बाजू उलटी असते. असा सोर्स मी आता पाहताक्षणी बाजूला ठेवतो. कपाळावरची तेलकट चकाकीही अशीच हट्टी असते, कारण तिचा मोठा भाग घडणीच्या थरात बसतो. ती तिथे हाताने पुसावी लागते.

तपासणीसाठी वर ५० टक्के करड्या रंगाचा लेअर Luminosity मध्ये ठेवला की केवळ रंग दिसतो आणि चेहरा-मान यांतला फरक लगेच उघडा पडतो. मग त्याच्या जागी Black & White लावून छटा पाहावी. शेवटी हनुवटीखालची जागा २०० टक्क्यांवर पाहावी. माझ्या कामात रंग आणि छटा दोन्ही जुळल्यावरही तिथे काहीतरी खटकत होते: सोर्स जवळून काढलेला असल्यामुळे लहान केल्यावर त्याचा पोत मानेपेक्षा तीक्ष्ण झाला होता आणि मानेवर असलेला सेन्सरचा दाणा चेहऱ्यावर नव्हता. पोताच्या थराला अर्ध्या पिक्सेलचा ब्लर दिला, ग्रुपच्या वर मानेइतका दाणा टाकला, आणि मग जबड्याखालून जाणारी मास्कची कड शोधावी लागली.