‘मावशी, आईला सांगू नका’: अडचणीतल्या नातेवाइकाच्या नावाने पैसे मागणारा मेसेज आला, तर या चुका टाळा

माझी मावशी सांगलीला एकटी राहते. बँकेची कामं स्वतः करते, वीजबिल फोनवरून भरते, लॉटरीचे मेसेज न वाचता उडवते. तरीही एका दुपारी तिने बावीस मिनिटांत तीस हजार रुपये अनोळखी माणसाला पाठवले. तिच्या परवानगीने ते संभाषण मी ओळ न् ओळ वाचलं. कुठे पाय घसरला ते त्यात स्पष्ट दिसतं.

नंबर नवीन होता, फोटो मात्र भाच्याचा. पहिला मेसेज: ‘मावशी, माझा फोन फुटला, मित्राच्या फोनवरून बोलतोय.’ मावशीने लगेच लिहिलं, ‘निखिल का रे? काय झालं?’ समोरून उत्तर आलं, ‘हो, निखिल.’

पहिली चूक: नाव आपणच पुरवणं

तोपर्यंत समोरच्याने स्वतःचं नाव सांगितलेलंच नव्हतं. फोटो कुठूनही उचलता येतो, पण कोण कोणाचा काय लागतो, कोण कुठे राहतो, हे त्याला आपल्याकडूनच काढून घ्यावं लागतं. आपण काळजीने विचारतो, ‘पुण्यातच आहेस ना? अजून ऑफिसमध्येच होतास का?’ आणि तो फक्त ‘हो’ म्हणत जातो. म्हणून अशा वेळी उत्तर ज्यात दडलेलं आहे असा प्रश्न विचारूच नका. ‘कोण बोलतंय?’ एवढंच विचारा आणि थांबा.

मावशीच्या संभाषणात खूण पहिल्या मिनिटातच होती. निखिल तिला जन्मापासून ‘माऊ’ म्हणतो आणि अरे-तुरे करतो. हा माणूस ‘मावशी, तुम्ही’ लिहीत होता. तिला ते खटकलं होतं, पण ‘घाबरला असेल बिचारा’ असं तिने स्वतःलाच समजावलं. घाबरलेला मुलगा उलट जास्त घरच्यासारखा बोलतो.

दुसरी चूक: ‘कुणाला सांगू नका’ हे प्रेम समजणं

पुढचा मेसेज असा होता: ‘गाडीने एका बाईंना धडक बसली. मी हॉस्पिटलमध्ये आहे. 18,000 डिपॉझिट भरल्याशिवाय त्यांना आत घेत नाहीत. दहा मिनिटांत पाठवा. आईला सांगू नका, तिचं बीपी वाढेल.’

या पाच वाक्यांत सगळा सापळा आहे. बाई जखमी आहे म्हणजे अपराधाची भावना, दहा मिनिटं म्हणजे घाई, आणि शेवटचं वाक्य सगळ्यात घातक. आईला सांगू नका, कारण आईला एक फोन गेला की खेळ संपतो. मावशीला वाटलं, पोरगा अशा वेळीही आईची काळजी करतोय. बहिणीच्या बीपीची गोष्ट खरी होती, म्हणून तर ती जास्त पटली. पण पन्नाशीपुढच्या कुठल्याही आईबद्दल असं लिहिलं तर बऱ्याच घरांत ते खरंच ठरेल.

खऱ्या अडचणीतला माणूस एकाच नातेवाइकाला धरून बसत नाही. तो वडिलांना, मित्राला, ऑफिसला, जो उचलेल त्याला फोन करतो. जो मेसेज तुम्हाला इतरांपासून तोडतो, त्यातली अडचण कितीही खरी वाटली, तरी तिथेच हात आवरा आणि आधी त्या ‘सांगू नका’वाल्या माणसालाच फोन लावा. बहिणीचं बीपी त्या एका फोनने जितकं वाढेल, तितकं सोसवेल.

मावशीने ‘फोन कर’ म्हटल्यावर उत्तर आलं, ‘बोलता येत नाही, पोलीस समोर आहेत.’ तिने थोडी टाळाटाळ केली तेव्हा: ‘तुमच्याशिवाय माझं कुणी नाही. नसेल जमत तर राहू दे.’ हे ‘राहू दे’ वाचून ती रडली, असं तिने मला सांगितलं. तिथे तिचा प्रतिकार संपला.

तिसरी चूक: खात्री त्याच दारातून करून घेणं

खात्री करायची ती आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरावर, साध्या कॉलने. व्हॉट्सअ‍ॅप कॉलने नाही. कारण मेसेज कधीकधी भाच्याच्या खऱ्या नंबरावरून येतो: त्याच्याकडून सहा आकडी कोड काढून घेऊन भामट्याने त्याचं व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच्या फोनवर चालू केलेलं असतं. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप कॉल भामट्याकडे जातो, पण सिमकार्ड भाच्याकडेच असल्याने साधा कॉल भाच्याला लागतो. तोही उचलला नाही, तर त्याच्यासोबत राहणाऱ्याला किंवा ऑफिसला विचारा. भामट्याने त्याचे कॉलही दुसऱ्या नंबरावर वळवलेले असू शकतात, म्हणून एका कॉलवर सगळी भिस्त नको.

हॉस्पिटलचं नाव विचारा, त्याचा नंबर स्वतः शोधा आणि त्या नावाचा पेशंट दाखल आहे का ते विचारा. खरंच असेल तर पैसे हॉस्पिटलच्या खात्यात भरा. अपघातातल्या जखमीला अडवून न ठेवता त्याच्यावर तातडीचे उपचार करणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे. प्रत्यक्षात हॉस्पिटलं डिपॉझिट मागतात, हे खरं. पण एका फोनचा वेळही मिळणार नाही, अशी वेळ त्यामुळे येत नाही.

चौथी चूक: स्क्रीनवरचं नाव वाचून पुढे जाणं

पैसे पाठवण्याआधी यूपीआयवर खातेदाराचं नाव दिसतं. मावशीला एका अनोळखी बाईचं नाव दिसलं. तिने विचारलंही. ‘ते हॉस्पिटलच्या कॅशियरचं खातं आहे,’ असं उत्तर आलं आणि तिने पिन टाकला. हॉस्पिटलचं डिपॉझिट कॅशियरच्या वैयक्तिक खात्यात जात नाही. नाव जुळलं नाही की तिथून मागे फिरायचं, स्पष्टीकरण मागायचंच नाही, कारण स्पष्टीकरण त्याच्याकडे तयार असतं.

अठरा हजार गेल्यावर काही मिनिटांत ‘औषधांना 12,000’ असा मेसेज आला. एकदा पाठवलं की दुसरी मागणी येतेच, आणि ती पहिल्यापेक्षा सोपी जाते, कारण आता ‘आपण फसलो’ हे मान्य करणं जास्त जड झालेलं असतं.

पाचवी चूक: लाजेने गप्प बसणं

संध्याकाळी निखिलचा नेहमीचा फोन आला तेव्हा मावशीला सगळं कळलं. तिने तो दिवस कुणाला सांगितलं नाही. रात्र तशीच गेली. सकाळी मला सांगितलं तेव्हा आम्ही 1930 ला फोन लावला आणि cybercrime.gov.in वर तक्रार केली. 1930 ला कळवलं की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेपर्यंत निरोप जातो, आणि शिल्लक असेल तेवढी रक्कम तिथे गोठवता येते. पण हे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरवून पटकन काढले जातात, म्हणून पहिल्या तासाची किंमत सगळ्यात जास्त. फोन करताना रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. लगेच आपल्या बँकेलाही कळवा. स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे बँक आपणहून परत देत नाही. चॅट रागाने डिलीट करू नका, तोच पुरावा असतो.

आमच्या बाबतीत पहिले अठरा हजार निघून गेले होते. दुसऱ्या खात्यातले बारा हजार गोठवले गेले, ते परत मिळवण्याची कागदपत्रं सध्या चालू आहेत.

त्यानंतर घरात आम्ही एक प्रश्न ठरवून ठेवला आहे. त्याचं उत्तर कुठल्याही फोटोखाली, ग्रुपवर किंवा फेसबुकवर नाही. पैशांचा मेसेज आला की मावशी तो विचारते, परवा खुद्द मलाही विचारला, आणि उत्तर देईपर्यंत पुढे एक शब्द बोलली नाही.